हॅश केलं म्हणजे झाकलं का? न्यूयॉर्कच्या टॅक्सींची गोष्ट

समजा, तुमच्या सर्व्हेचा डेटा रोज रात्री एक क्रॉन जॉब तपासतो आणि सकाळी रिपोर्ट तयार असतो. लॉगमध्ये उत्तरदात्यांचे मोबाइल नंबर दिसू नयेत म्हणून तुम्ही ते MD5 ने हॅश करता. आता नंबर सुरक्षित आहेत, असं वाटतं ना? 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगालाही असंच वाटलं होतं.

माहिती अधिकाराच्या अर्जावर आयोगाने 2013 मधल्या सुमारे 17 कोटी टॅक्सीफेऱ्यांची नोंद दिली. त्यात टॅक्सीचा परवाना क्रमांक आणि चालकाचा क्रमांक MD5 हॅश करून ठेवले होते. पण एक चालक अशक्य वाटाव्यात इतक्या फेऱ्या मारताना दिसत होता. त्याचा हॅश `cfcd208495d565ef66e7dff9f98764da`, म्हणजे चक्क '0' चा हॅश! जिथे चालक क्रमांक नीट नोंदला गेला नव्हता, तिथे शून्य पडलं होतं. यावरून हॅश कसा केलाय ते उघड झालं.

पुढचं काम सोपं होतं. टॅक्सी क्रमांक ठरावीक साच्यांतलेच असतात, उदा. 5X55. सगळे साचे आणि चालक क्रमांक मिळून शक्यता जेमतेम अडीच कोटींच्या आत. विजय पांडुरंगन या अभियंत्याने त्या सगळ्यांचे हॅश काढून यादीशी जुळवले. तासाभरात मूळ क्रमांक हातात आले.

आता आपल्याकडचा हिशेब करून बघा. भारतीय मोबाइल नंबर दहा अंकी, सुरुवात 6 ते 9 ने. म्हणजे शक्यता जास्तीत जास्त 400 कोटी, आणि साध्या ग्राफिक्स कार्डालाही हे काम जड नाही. SHA-256 वापरलं तरी फरक पडत नाही, कारण दोष हॅशचा नसून शक्यता मोजक्या असण्याचा आहे.

उपाय म्हणजे गुप्त किल्ली मिसळणं:

```python
hmac.new(key, phone.encode(), hashlib.sha256).hexdigest()
```

एका उत्तरदात्याच्या नोंदी यानेही एकमेकींशी जुळतात, पण किल्लीशिवाय यादी करता येत नाही. मात्र `key` लॉगच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आणि हे करायचं कुठे? मे 2018 मध्ये ट्विटरने कबूल केलं की हॅशिंग पूर्ण होण्याआधीच पासवर्ड त्यांच्या अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. तुमच्या जॉबमध्येही असं होऊ शकतं. एखादी ओळ अडली की एररचा मजकूर ती ओळ जशीच्या तशी छापू शकतो. म्हणून फाइल वाचल्याबरोबर, पुढच्या कुठल्याही पायरीआधी नंबर बदला.

तपासायचं कसं? एका खोट्या नंबरची मुद्दाम बिघडवलेली ओळ घाला, जॉब रात्री चालू द्या, आणि सकाळी लॉग आणि रिपोर्ट दोन्हींत `grep` ने तो नंबर शोधा. सापडला, तर खऱ्या उत्तरदात्यांचेही नंबर तिथे पडलेले असणार.