टू-डू लिस्ट बघूनच दडपण येतं? रोज रात्री रिकामी होणारी यादी वापरून पाहा

अ‍ॅप उघडलं की ३०-४० कामं समोर येतात आणि त्यातली निम्मी 'ओव्हरड्यू' म्हणून लाल झालेली असतात. मग आपण ते अ‍ॅपच उघडणं बंद करतो. खरी अडचण कामांच्या संख्येपेक्षा ती सगळी एकाच वेळी दिसण्यात आहे. त्यामुळे अ‍ॅप निवडताना ते कामं लपवतं कसं, हे आधी बघा.

मायक्रोसॉफ्ट टू डू या मोफत अ‍ॅपमध्ये यासाठी My Day नावाचं पान आहे. मध्यरात्री ते आपोआप रिकामं होतं. राहिलेलं काम डिलीट होत नाही, ते आपल्या मूळ यादीत तसंच असतं. फक्त सकाळी कालची थकबाकी तोंडावर येत नाही.

समजा, तुमच्या यादीत २७ कामं आहेत. सकाळी मूळ यादी उघडून तीनच निवडायची: वीजबिल भरणं, बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीची अपॉइंटमेंट, सीव्ही अपडेट करणं. प्रत्येक कामावर जाऊन Add to My Day दाबायचं आणि दिवसभर तेवढंच पान उघडायचं. सीव्हीचं काम मोठं वाटत असेल तर त्याच्या आत Add step वापरून 'जुनी फाइल शोधणं', 'नवा अनुभव लिहिणं' असे तुकडे करा. यादीत ते एकच काम दिसतं. रात्री सीव्ही राहिला, तर उद्या तो पुन्हा निवडायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

गडबड होते ती तारखांमुळे. 'कपाट आवरणं' यालाही आपण उगाच ड्यू डेट देतो, ती उलटते आणि पुन्हा तोच लाल रंग. ज्या कामाला उशीर झाला तर दंड बसेल किंवा संधी जाईल, त्यालाच तारीख द्या, आणि सोबत रिमाइंडरही लावा. कारण एखादं काम तुम्ही My Day मध्ये घेतलंच नाही, तर हे पान त्याची आठवण करून देणार नाही. एखादं काम महिनोन्‌महिने खाली पडून राहू शकतं, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण यादी चाळावीच लागते. (तेव्हा काही कामं सरळ खोडून टाकायला हरकत नाही.)

सवयींच्या अ‍ॅपमध्ये हेच दडपण 'स्ट्रीक'मुळे येतं. ४० दिवस चाललात, एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर! अँड्रॉइडवरच्या लूप हॅबिट ट्रॅकरमध्ये स्ट्रीक दिसते, पण सोबत सवयीचा एक स्कोअरही असतो. एखादा दिवस चुकला तर तो थोडासाच घसरतो, शून्य होत नाही. शिवाय 'आठवड्यातून ३ वेळा' असंही ठरवता येतं, म्हणजे मधले दिवस चुकले असं धरलं जात नाही. सुरुवातीला त्यात एकच सवय टाका, दोन फार तर.