कंपेरिंग अँड पर्सुएडिंग (सेल्पिप परीक्षा)

सेल्पिप या कॅनडातील इंग्रजी परीक्षेच्या बोलण्याच्या विभागातील पाचवा प्रश्न. दोन पर्यायांची तुलना करून त्यांतला आपण निवडलेला पर्याय जवळच्या माणसाला पटवून द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. बोलण्यासाठी 60 सेकंद मिळतात. कॅनडात कायमस्वरूपी वास्तव्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी अर्ज करताना सेल्पिप-जनरल परीक्षेचा निकाल ग्राह्य धरला जातो. त्यामुळे महाराष्ट्रातून तिकडे जाऊ पाहणाऱ्या आणि तिकडे राहणाऱ्या मराठी माणसांचाही या प्रश्नाशी संबंध येतो.

प्रश्नाची मांडणी

संपूर्ण परीक्षा संगणकावर होते. बोलण्याच्या विभागात आठ प्रश्न असतात. परीक्षार्थी हेडफोनच्या मायक्रोफोनमध्ये बोलतो आणि ध्वनिमुद्रित उत्तर नंतर परीक्षक ऐकतात. पाचव्या प्रश्नाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात पडद्यावर दोन पर्यायांची चित्रे आणि त्यांखाली थोडी माहिती येते: किंमत, आकार, ठिकाण, सोयी. त्यांपैकी एक 60 सेकंदांत निवडायचा असतो. परीक्षार्थीने निवड केली नाही, तर संगणक स्वतःच एक पर्याय ठरवतो. या टप्प्यात बोलायचे काहीच नसते.

दुसऱ्या टप्प्यात घरातल्या किंवा ओळखीच्या कोणाला तरी वेगळाच, तिसरा पर्याय आवडल्याचे सांगितले जाते आणि त्याची माहिती आपल्या निवडीशेजारी दिसते. तयारीला 60 सेकंद आणि बोलायला 60 सेकंद मिळतात. तुलना करायची ती आपली निवड आणि हा नवा पर्याय यांची. पहिल्या टप्प्यात नाकारलेला पर्याय तिथेच संपला. घाईत अनेक जण त्याच्याविषयीच बोलत राहतात आणि ज्याच्याशी तुलना अपेक्षित आहे तो पर्याय उत्तरात येतच नाही.

गुण देताना आशय व सुसंगती, शब्दसंग्रह, ऐकायला सुलभ असणे आणि कार्यपूर्ती या चार बाजू पाहिल्या जातात. या प्रश्नात कार्यपूर्ती म्हणजे तुलनाही झाली पाहिजे आणि पटवणेही. दोन्ही पर्यायांचे गुणदोष तटस्थपणे मांडून थांबले, तर अर्धेच काम होते. दुसऱ्या पर्यायाचे नाव न घेता आपल्याच पर्यायाची स्तुती केली, तरीही अर्धेच.

मुद्द्यागणिक तुलना

तुलना दोन रीतींनी मांडता येते. एका रीतीत पहिला पर्याय पूर्ण सांगून मग दुसऱ्याकडे वळतात. दुसऱ्या रीतीत एक निकष घेऊन त्यावर दोन्ही पर्याय लगोलग ताडून पाहतात, मग पुढचा निकष घेतात. लेखी निबंधात पहिली रीत चालून जाते. मिनिटभराच्या बोलण्यात ती सहसा फसते, कारण आपल्या पर्यायाचे वर्णन करण्यातच 40 सेकंद निघून जातात आणि दुसऱ्याला दोन तुटक वाक्ये मिळतात. ऐकणाऱ्यालाही मघाचा तपशील आठवून जुळवत बसावे लागते. मुद्द्यागणिक बोलले, की वेळ कुठेही संपली तरी तोवरची तुलना पुरी झालेली असते.

निवांत गतीने एका मिनिटात साधारण 120 ते 140 इंग्रजी शब्द बोलून होतात. एवढ्यात दोनच निकष नीट मावतात. तिसरा घेतला, की तिन्हींची नुसती यादी होते. म्हणून उत्तराची पाच पावले पुरतात: आपली निवड सांगणे, पहिला फरक व त्याचा परिणाम, दुसरा फरक व त्याचा परिणाम, समोरच्याच्या पर्यायातली एक चांगली बाजू मान्य करून तिला उत्तर देणे, आणि शेवटी काय करायचे ते सुचवणे. निवड व शेवट यांना मिळून 15 सेकंद, दोन फरकांना प्रत्येकी 17–18 आणि मान्यतेला 10 सेकंद, असा हिशेब बसतो.

यांत सर्वांत जास्त निसटतो तो परिणाम. भाडे कमी आहे, एवढे समोरच्यालाही पडद्यावर दिसतेच. त्या कमी भाड्याने घरातल्या माणसांचे काय भले होणार, हे सांगितल्यावर तो फरक पटण्याजोगा होतो.

एक उदाहरण

परीक्षार्थीने भाड्याच्या घरासाठी दोन खोल्यांची सदनिका निवडली आहे, असे धरू. भाडे महिना 1,800 डॉलर, बसथांबा पाच मिनिटांच्या चालीवर, समोर उद्यान. बहिणीला मात्र तीन खोल्यांचे टाउनहाउस आवडले आहे. त्याचे भाडे 2,400 डॉलर, मागे अंगण, आणि बसथांबा गाडीनेच गाठावा लागेल इतका लांब.

तयारीच्या मिनिटात पूर्ण वाक्ये लिहू नयेत. कागदावर दोन निकष आणि एक मान्यता टिपावी: भाडे, बस, अंगण. आकडेमोडही आताच उरकावी. महिना 600 डॉलरचा फरक म्हणजे वर्षाला 7,200. हा हिशेब बोलता बोलता करायला गेले, की हमखास अडखळायला होते.

सुरुवात: ‘आय नो यू लाइक द टाउनहाउस, बट आय थिंक द अपार्टमेंट विल सूट अस बेटर.’ एका वाक्यात दोन्ही पर्यायांची नावे आली आणि आपली बाजूही कळली.

पहिला फरक: ‘द अपार्टमेंट इज एटीन हंड्रेड डॉलर्स अ मंथ, व्हेअरॅज द टाउनहाउस इज ट्वेंटी-फोर हंड्रेड. दॅट मीन्स वी विल सेव्ह ओव्हर सेव्हन थाउजंड डॉलर्स अ इयर, अँड वी कॅन फायनली फ्लाय मॉम अँड डॅड हिअर.’ आधी फरक आला, मग त्याचा परिणाम, आणि तो परिणाम बहिणीच्या मनाला भिडणारा आहे. आई-बाबांच्या प्रवासाची गोष्ट पडद्यावर नव्हती. ती परीक्षार्थीने स्वतः जोडली आणि तसे करायला पूर्ण मुभा असते.

दुसरा फरक: ‘इट्स ऑल्सो मच क्लोजर टू द बस स्टॉप. फ्रॉम द अपार्टमेंट यू कॅन वॉक देअर इन फाइव्ह मिनिट्स, बट फ्रॉम द टाउनहाउस यू वुड हॅव टू ड्राइव्ह, अँड वी ओन्ली हॅव वन कार.’

मान्यता: ‘इट्स ट्रू दॅट द टाउनहाउस हॅज अ यार्ड, बट देअर इज अ पार्क राइट अक्रॉस द स्ट्रीट फ्रॉम द अपार्टमेंट.’ अंगणाचा विषय टाळला असता, तर बहिणीचा मुख्य आक्षेप तसाच उरला असता. मान्यता शेवटाजवळ ठेवावी आणि तिच्यापाठोपाठ लगेच उत्तर द्यावे.

शेवट: ‘सो लेट्स गो विथ द अपार्टमेंट. शॅल आय कॉल द लँडलॉर्ड टुडे?’

असे बोलायला मिनिटापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. म्हणजे श्वास घ्यायला, एखादा शब्द आठवायला सवड राहते.

जोडशब्द

जोडशब्द निवडताना दोन वाक्यांमध्ये कोणते नाते आहे ते पाहावे. या प्रश्नात चारच नाती लागतात. विरोधासाठी ‘व्हेअरॅज’, ‘व्हाइल’ किंवा साधे ‘बट’. साम्यासाठी ‘बोथ’ आणि ‘जस्ट अ‍ॅज’, उदाहरणार्थ ‘बोथ प्लेसेस आर क्लीन, बट…’. दोन्हींत सारखे काय हे एका झटक्यात सांगून टाकले, की फरकाकडे लक्ष वळते. परिणामासाठी ‘दॅट मीन्स’ किंवा ‘सो’. मान्यतेसाठी ‘इट्स ट्रू दॅट… बट’ किंवा ‘ऑल्दो’. ‘ऑन द अदर हॅन्ड’ दोन लहान वाक्यांपेक्षा दोन मोठ्या मुद्द्यांमध्ये शोभते. प्रत्येक वाक्याआधी ते आले, तर पाठ केल्यासारखे वाटते.

ऐकणारी व्यक्ती घरची असते, हेही ध्यानात ठेवावे. ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’, ‘इन कन्क्लूजन’ हे निबंधातले शब्द बहिणीशी बोलताना परके वाटतात. त्यांच्या जागी ‘अनदर थिंग इज’, ‘प्लस’ आणि ‘सो’ बसतात.

मराठी भाषकांच्या नेहमीच्या चुका

मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. ‘हे घर त्या घरापेक्षा स्वस्त आहे’ यात सगळा भार ‘पेक्षा’वर असतो. त्या सवयीने ‘धिस इज चीप दॅन दॅट’ असे वाक्य तोंडून जाते. चूक लक्षात आल्यावर काही जण ‘मोर चीपर’ म्हणू लागतात. लहान विशेषणाला ‘-अर’ किंवा मोठ्याला ‘मोर’, दोन्हींपैकी एकच. फरक ठळक करायचा असेल, तर ‘मच चीपर’ किंवा ‘अ लॉट क्लोजर’ म्हणावे. ‘व्हेरी चीपर’ चुकीचे आहे.

दुसरी चूक जरी-तरीच्या जोडीतून येते. मराठीत दोन्ही उपवाक्यांना खूण लागते. इंग्रजीत एकच पुरते. म्हणून ‘ऑल्दो इट इज बिग, बट इट इज फार’ यातला ‘बट’ काढावा. ‘इट्स ट्रू दॅट’ या सुरुवातीनंतर मात्र ‘बट’ हवाच. ज्याला ही जोडी सतत चकवते त्याने ‘ऑल्दो’ सोडून सरळ ‘इट्स ट्रू दॅट’ वापरावे.

सरावात तपासणी

स्वतःचे उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि 30 व्या सेकंदाला थांबवावे. तोवर समोरच्याचा पर्याय किमान एका निकषावर ताडून झालेला नसेल, तर बोलणे वर्णनाकडे घसरले आहे. मग पूर्ण उत्तर ऐकून प्रत्येक फरकानंतर ‘मग त्याने काय होईल?’ असे विचारावे. त्याचे उत्तर मुद्रणात सापडले नाही, तर फरक सांगितला गेला, पण पटवणे राहून गेले. शेवटचे वाक्य मध्येच तुटत असेल, तर वेग न वाढवता दुसऱ्या मुद्द्यातला एक तपशील गाळावा.

मर्यादा

हा साचा पटवण्यासाठी आहे. केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत परीक्षार्थीला दोन छायाचित्रे देऊन त्यांची तुलना करायला आणि त्यांविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला सांगतात. तिथेही मिनिटभरच बोलायचे असते, पण कोणाला काही पटवायचे नसते. चित्रांतल्या माणसांविषयी अंदाज बांधायचे असतात, त्यामुळे ‘परहॅप्स’, ‘दे माइट बी’ अशी भाषा लागते. मुद्द्यागणिक तुलना आणि विरोधाचे जोडशब्द तिथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. मान्यता आणि शेवटची सूचना मात्र वगळावी लागते.