यंत्रविक्रीवरील तोटा

* यंत्र विकताना झालेला नफा-तोटा खरेदीच्या किमतीशी ताडत नाहीत. तो विक्रीच्या दिवशीच्या पुस्तकी किमतीशी, म्हणजे मूळ किमतीतून त्या दिवसापर्यंतचा घसारा वजा जाता उरलेल्या रकमेशी ताडतात. समजा, १ एप्रिल २०२० रोजी १,००,००० रुपयांना घेतलेले छपाईयंत्र ३० सप्टेंबर २०२३ रोजी ६७,००० रुपयांना विकले. दरवर्षी मूळ किमतीवर १० टक्के घसारा धरला असेल, तर साडेतीन वर्षांनी ६५,००० रुपये उरतात आणि २,००० रुपये नफा दिसतो. तोच दर दरवर्षी उरलेल्या शिलकेवर लावला असेल, तर ६९,२५५ रुपये उरतात आणि २,२५५ रुपये तोटा दिसतो. हाती आलेली रक्कम मात्र तीच.

विक्रीच्या वर्षातला सहा महिन्यांचा घसारा पुष्कळदा विसरला जातो. पहिल्या पद्धतीत तो राहिला, तर पुस्तकी किंमत ७०,००० रुपये धरली जाते आणि नफ्याऐवजी ३,००० रुपयांचा तोटा नोंदवला जातो. ५,००० रुपयांचा घसाराही खर्ची न पडल्याने वर्षाचा निव्वळ नफा तेवढाच राहतो, म्हणून ही चूक ताळेबंदात सापडत नाही. यंत्राचे खातेच तपासावे लागते. — संपादक