बावन्न पायऱ्या

आगाशी, कार्तिक वद्य

ती. ताईस,

काल माळा आवरताना आजीची पितळी गडवी सापडली. वज्रेश्वरीच्या कुंडाचं पाणी ती हिच्यातूनच आणायची. तेव्हापासून एकच घोळतंय: आपण दोघींनी तिथं एकदा जाऊन यावं.

आजीची गोष्ट तुला आठवते ना? बावखलाच्या कडेला बसून ती सुकेळी उलगडायची आणि सांगायची, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पडावा म्हणून देवीला नवस केला, १७३९ च्या मे महिन्यात किल्ला घेतला, आणि परतताना स्वतः उभं राहून देऊळ बांधलं. मी चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं हेच शिकवलं. पुढे वाचलं तेव्हा कळलं, आजीचं निम्मं खरं होतं. नवस त्यांचा, आज्ञाही त्यांची, पण देऊळ उभं केलं वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी. अप्पा तर १७४० च्या डिसेंबरात गेलेच. आणि ज्या पायऱ्यांचं तुला भय आहे, त्या बांधल्या नाशिकच्या एका सावकारानं, नानासाहेब चांदवडकरांनी. म्हणजे तुझ्याच गावच्या माणसानं!

भावजींना मी फोनवर बेत सांगितला तर ते म्हणाले, "हजारावर पायऱ्या आहेत, हिला झेपायच्या नाहीत." त्यांच्या डोळ्यासमोर विरारची जीवदानी आहे. वज्रेश्वरीला फक्त बावन्न. तुमच्या जिन्याला एका मजल्यामागे अठरा आहेत, मी मोजल्यात. म्हणजे तीन मजले चढलीस की झालं. येण्याआधी पंधरा दिवस रोज एकदा चढून बघ. दम किती लागतो याहून उतरताना गुडघा कसा वागतो ते बघ, कारण दुखतं ते उतरतानाच. तुझा उजवा गुडघा दुखरा, म्हणून काठी डाव्या हातात. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. रात्री गुडघा सुजला तर मला मोकळेपणानं सांग, मग मी एकटी वर जाऊन ओटी भरून येईन आणि तू खाली सावलीत बस. त्या पायऱ्यांतल्या एकीवर कासव कोरलेलं आहे. मी लहानपणी त्याला हात लावून पुढे धावले होते आणि तू मला परत नमस्कार करायला लावलं होतंस.

चैत्र अमावास्येच्या जत्रेला मात्र नको. आजोबा बैलगाडीनं न्यायचे ते त्याच वेळी, पण उन्हानं दगड तापतो आणि अनवाणी पाय भाजतात. मार्गशीर्षातला दुसरा बुधवार धरला आहे. मंगळवारची गर्दी टळते आणि तुझ्या उपासाचा गुरुवारही मध्ये येत नाही. सकाळी सातला निघू, शिरसाड फाट्यावरून पारोळमार्गे. दर्शन उन्हाआधी, मग अकलोलीची कुंडं, दुपारी तीनपर्यंत घरी.

कुंडात डुंबायचं नाही, एवढं माझं ऐक. शेजारच्या वहिनी गेल्या वर्षी गळ्यापर्यंत उतरल्या, अर्धा तास बसल्या आणि वर येताना डोळ्यांपुढे अंधार आला. त्या अजून म्हणतात देवीचा कोप झाला. माझं मत, रक्तदाबाची गोळी आणि गरम पाणी यांचं जमलं नाही. आपण कडेला बसून दहा मिनिटं पाय सोडू. तिथलं शेवाळ निसरडं असतं, म्हणून हात धरूनच बसायचं आणि हात धरूनच उठायचं.

खर्चाचं सांगते. ओळखीचा गाडीवाला दिवसभराचे २४०० म्हणतो. ओटीचे सामान आणि दक्षिणा ५००, जेवण-चहा ४००, हाताशी ७००. एकूण ४०००, प्रत्येकी दोन हजार. एसटीनं गेलो तर जवळजवळ काहीच लागणार नाही; तू पंचाहत्तरी ओलांडलीस म्हणून तुझं तिकीट माफ, मला बाईमाणूस म्हणून अर्धं. पण बदलाबदली आणि बसची पायरी उंच, त्यात तुझा गुडघा खर्ची पडेल. नाशिकहून येताना मात्र एसटीच घे, आधार कार्ड जवळ ठेव.

न्याहारीचा डबा मी करीन, दशम्या आणि चटणी. सुकेळी आगाशीतलीच आणते. गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीपाशी थांबायचं का, ते तुझ्यावर सोपवते. आई म्हणायची तुला कडेवर घेऊन तिनं त्यांना पाहिलं होतं. मला ते कधीच नीट कळलं नाही, तुला काही आठवतं का?

गाडीवाल्याला पुढच्या रविवारपर्यंत सांगायचं आहे. जिना चढून झाला की दोन ओळी टाक.

तुझी,
धाकटी