प्रकल्पात ४० पैकी २९ गुण. मग अंतिम निकालात किती?

रुब्रिक म्हणजे प्रकल्प कोणत्या निकषांवर तपासायचा आणि कोणत्या निकषाला किती गुण द्यायचे, हे आधीच ठरवलेला तक्ता. समजा, ४० गुणांच्या प्रकल्पात विश्लेषणाला २०, माहिती संकलनाला १०, मांडणीला ५ आणि सादरीकरणाला ५ गुण आहेत. एका विद्यार्थिनीला अनुक्रमे १२, ८, ४ आणि ५ गुण मिळाले. बेरीज झाली २९.

विषयाच्या एकूण १०० गुणांत प्रकल्पाचा वाटा ३० असेल, तर २९ला ४०ने भागून ३०ने गुणायचं. तिचे अंतिम गुण होतात २१.७५.

गफलत कुठे होते? प्रत्येक निकषाची वेगळी टक्केवारी काढली, तर ६०, ८०, ८० आणि १०० येतात. त्यांची सरासरी ८० टक्के, म्हणजे ३० पैकी २४ गुण. हे सव्वादोन गुण जास्तीचे आहेत, कारण या सरासरीत ५ गुणांचं सादरीकरण २० गुणांच्या विश्लेषणाइतकंच मोजलं जातं.

हिशेब बरोबर आहे का, हे ओळखायचं असेल तर आधी विश्लेषणात आणि मग मांडणीत एकेक गुण वाढवून पाहा. दोन्ही वेळा अंतिम गुण ०.७५नेच वाढायला हवेत.