शंभरातले अठ्ठ्याण्णव मागितले तर

कराचा दर वाढवला की तिजोरी भरतेच, असं आपल्याला वाटतं. पण १९७१ सालचा केंद्राचा अर्थसंकल्प आठवू या. अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. वर्षाची कमाई दोन लाखांवर गेली, की वरच्या प्रत्येक शंभर रुपयांवर अधिभारासह ९७ रुपये ७५ पैसे आयकर लागू झाला. हाती उरायचे सव्वादोन रुपये. मग जास्त कमवायचं कशाला, आणि कमावलं तर दाखवायचं कशाला?

त्याच वर्षअखेर वांछू समितीने सांगितलं, की करचुकवेगिरीचं मोठं कारण हे चढे दरच आहेत. १९७४ मध्ये चव्हाणांनीच वरचा दर ७७ टक्क्यांवर आणला.

आपण हिशेब मांडू. समजा, जुन्या दराने एका व्यापाऱ्याने दोन लाखांवरचे दहा हजारच दाखवले. कर झाला ९,७७५. दर उतरल्यावर तेरा हजार दाखवले, तर कर १०,०१०. पण अकराच हजार दाखवले, तर ८,४७०, म्हणजे सरकारचा तोटा. दर उतरवून वसुली वाढते, ती लपवलेलं पुरेसं बाहेर आलं तरच. दर मुळातच कमी असेल, तर तो आणखी उतरवून तिजोरीत घटच होते.