एक कादंबरी, तीन किमती

जॉर्ज इलियटची ‘मिडलमार्च’ आम्ही शिकतो आणि शिकवतो ती एकाच जाडजूड खंडात. तिच्या पहिल्या वाचकांना मात्र ती तशी मिळाली नव्हती. डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात ब्लॅकवुड या प्रकाशकाने ती आठ भागांत काढली. प्रत्येक भागाला ५ शिलिंग, म्हणजे संपूर्ण कादंबरीला ४० शिलिंग पडत. १८७३ मध्ये तिची २१ शिलिंगांची आवृत्ती निघाली आणि १८७४ मध्ये एका खंडातली, साडेसात शिलिंगांची. कादंबरी तीच असताना किंमत तीन वर्षांच्या आत पाचव्या हिश्श्याहूनही खाली आली.

स्वस्त आवृत्तीचा कागद हलका आणि टाइप बारीक असतो, तेव्हा किंमत उतरणारच, असे कोणी म्हणेल. परंतु कागद आणि बांधणी यांतल्या फरकाने साडेबत्तीस शिलिंगांचा हिशेब लागत नाही. अर्थशास्त्रात ज्याला मूल्यभेद म्हणतात त्याची ओळख इथेच पटते: किमतींतले अंतर खर्चांतल्या अंतराहून खूप मोठे असते.

प्रकाशक असे का करतो? खिळे जुळवण्याच्या मजुरीसारखा मोठा खर्च पहिली प्रत निघण्यापूर्वीच झालेला असतो. पुढची प्रत त्या मानाने स्वस्तात निघते. सर्वांना ४० शिलिंग सांगावेत तर शिक्षक आणि कारकून दुकानाच्या पायरीवरूनच परततात. सर्वांना साडेसात सांगावेत तर जो आनंदाने ४० देणार होता त्याचे साडेबत्तीस हातचे जातात. म्हणून आधी अधीर वाचकाकडून घ्यायचे, मग थांबू शकणाऱ्याकडे वळायचे. कोणाची ऐपत किती हे प्रकाशकाला विचारावे लागत नाही. वाचक किती थांबतो यावरून ते आपोआप कळते. चित्रपटगृहातला सकाळचा स्वस्त खेळ याच जातीचा. ज्याला वेळ सोयीची नाही तो संध्याकाळचे तिकीट काढतो. विद्यार्थी-सवलतीत हेच काम ओळखपत्र करते, फक्त तिथे विक्रेता गट स्वतः ठरवतो.

आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलत याच्या नेमकी उलट दिसते. तिथे आधी येणाऱ्याला पुस्तक स्वस्त पडते, कारण न पाहिलेल्या पुस्तकासाठी पैसे मोजून तो प्रकाशकाला जणू बिनव्याजी भांडवल पुरवत असतो.

इंग्लंडमधली ही उतरंड ‘मिडलमार्च’च्या आधीचीच. वॉल्टर स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’पासून (१८२१) तीन खंडांची कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना विकण्याचा प्रघात पडला आणि तो सत्तर वर्षे टिकला. एवढे पैसे घरोघरचे वाचक देत नसत. या कादंबऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मूडीसारखी वर्गणीची वाचनालये, आणि त्यांनाही छापील किमतीवर घसघशीत सूट मिळे. मूडीची वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग होती, आणि तीत एका वेळी एकच खंड घरी नेता येई. म्हणजे तीन खंडांची एक प्रत एकाच वेळी तीन वर्गणीदारांच्या घरी फिरू शके. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतल्या लांबलचक उपकथानकांची चर्चा करताना आम्ही बहुधा लेखकाच्या जीवनदृष्टीकडे बोट दाखवतो; त्यातला काही भाग तरी या हिशेबाच्या खाती टाकायला हवा. ‘मिडलमार्च’ आठ भागांत काढण्याची कल्पना इलियटचा सहचर लुईस याची. कादंबरी तीन खंडांत मावत नव्हती, आणि वाचनालयांना वळसा घालून थेट वाचकाला विकावे हाही हेतू होता.

साडेसात शिलिंगवाल्याला शब्द तेच मिळाले. मिळाली नाही ती १८७२ सालची चर्चा: डोरोथियाचे पुढे काय होणार, ही दोन-दोन महिने ताणलेली उत्सुकता. त्याच्या हाती पुस्तक आले तेव्हा तिचे काय झाले हे गावभर झाले होते. हा अन्याय आहे असे आम्हांला वाटते; पण आधीच्या ४० शिलिंगांनी मोठा खर्च भरून काढला नसता तर प्रकाशक साडेसातपर्यंत उतरला असता का, याचीही शंका वाटते.

ही व्यवस्था टिकते ती दोन्ही गिऱ्हाइकांत पुरेसे अंतर राहील तोवरच. पुढे स्वस्त आवृत्त्या अधिकाधिक लवकर येऊ लागल्या, आणि वाचनालयांनी महाग घेतलेले खंड मागणी ओसरताच फडताळात पडून राहू लागले. जुन्या प्रती विकून मिळणारे पैसेही आटले. १८९४ मध्ये मूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी प्रकाशकांना कळवले की यापुढे खंडाला ४ शिलिंगांहून अधिक देणार नाही, आणि पहिले वर्षभर स्वस्त आवृत्ती काढू नये. प्रकाशकांनी या अटींवर तीन खंड काढण्यापेक्षा नवी कादंबरी थेट एका खंडात, ६ शिलिंगांना काढणे पसंत केले. तीन-चार वर्षांत त्रिखंडी कादंबरी जवळजवळ नाहीशी झाली.